मागची बाजू अर्धी तापेपर्यंत

लोखंडाच्या २ मिलिमीटर जाडीच्या चकतीवर एका बाजूने लेझरचा क्षणिक झोत सोडला, तर मागची बाजू लगेच तापत नाही. उष्णता आतून वाट काढत तिथे पोहोचते. ती किती चटकन पसरते, याचे माप म्हणजे औष्णिक विसरणशीलता.

१९६१ मध्ये अमेरिकेत पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोजण्याची फार सुंदर युक्ती मांडली. चकतीने किती ऊर्जा शोषली, तापमान नेमके किती अंश वाढले, हे कळण्याची गरजच ठेवली नाही. मागच्या बाजूची तापमानवाढ तिच्या कमाल वाढीच्या निम्म्यावर यायला लागलेला वेळ तेवढा पाहायचा. जाडीच्या वर्गाला ०.१३८८ ने गुणून त्या वेळेने भागले की उत्तर मिळते. आपल्या चकतीसाठी हा वेळ सुमारे ०.०२८ सेकंद निघाला, तर ४ गुणिले ०.१३८८ भागिले ०.०२८, म्हणजे सेकंदाला जवळपास २० चौरस मिलिमीटर. शुद्ध लोखंडाला हे शोभते.

जाडीचा वर्ग होत असल्याने ती मोजताना झालेली १ टक्क्याची चूक उत्तरात २ टक्के होते. दुसरा धोका उष्णतागळतीचा. चकती कडांतून उष्णता गमावत असेल, तर कमाल तापमान खाली राहते, निम्मा टप्पा लवकर येतो आणि उत्तर फुगते. आलेखच हे सांगतो: शिखरानंतर रेष सपाट न राहता खाली झुकते. अशा वेळी गळती धरून केलेले सुधारित गणित वापरावेच लागते.