बायोमधील दुव्यावरचे क्लिक मोजले जातात कसे?
एकाच दुव्याचे दोन ठिकाणचे आकडे का जुळत नाहीत आणि त्यातून निर्माण होणारे वाद कसे टाळता येतात

इन्स्टाग्रामवरील चित्रफितीखालच्या मजकुरात एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता लिहिला, तरी त्यावर बोट ठेवून तेथे जाता येत नाही. तो केवळ मजकूर म्हणून दिसतो. त्यामुळेच लहान-मोठे विक्रेते आणि आशयनिर्माते 'लिंक बायोमध्ये आहे' असे सांगतात. प्रोफाइलच्या परिचयाला, म्हणजे बायोला, जोडलेला दुवा मात्र उघडतो. अनेक वर्षे येथे एकच दुवा देता येत असे. ही अडचण लक्षात घेऊन एका दुव्यामागे अनेक दुव्यांची यादी दाखवणाऱ्या सेवा निघाल्या. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे २०१६ मध्ये सुरू झालेली 'लिंकट्री' ही त्यांतील सर्वाधिक परिचित सेवा होय. एप्रिल २०२३ पासून इन्स्टाग्रामने बायोमध्ये पाच दुवे देण्याची मुभा दिली.

या दुव्यावर किती जणांनी क्लिक केले, यावर आता आर्थिक व्यवहार ठरतात. मात्र 'क्लिक' या एका शब्दाखाली प्रत्यक्षात निरनिराळ्या गोष्टी मोजल्या जातात.

बोट ठेवल्यापासून पान उघडेपर्यंत

वापरकर्त्याने बायोमधील दुव्यावर बोट ठेवताच तो थेट इच्छित संकेतस्थळावर पोहोचत नाही. ही विनंती आधी इन्स्टाग्रामच्या `l.instagram.com` या मधल्या पत्त्यावर जाते. हे ठिकाण धोकादायक असल्याची नोंद आहे का, हे तेथे तपासले जाते आणि मग वापरकर्त्याला पुढे पाठवले जाते. व्यावसायिक खातेधारकाला 'इनसाइट्स' विभागात दिसणारा दुव्यावरील टॅपचा आकडा इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या नोंदींतून येतो. पुढचे पान प्रत्यक्ष उघडले की नाही, याच्याशी त्याचा संबंध नसतो.

बायोमध्ये एखाद्या सेवेचा लघुदुवा असेल, तर दुसरा टप्पा येतो. लघुदुव्याच्या सर्व्हरकडे विनंती पोहोचली, की तो वेळ, आयपी पत्ता आणि ब्राउझरने दिलेली स्वतःची ओळख यांची नोंद करतो. मग '३०२' या क्रमांकाचे उत्तर देऊन मूळ पत्ता कळवतो. या उत्तराचा अर्थ 'हे पान सध्या दुसरीकडे आहे' असा होतो. '३०१' हे उत्तर कायमस्वरूपी बदल सुचवते. ते दिल्यास ब्राउझर नवा पत्ता लक्षात ठेवू शकतो आणि त्याच फोनवरून दुसऱ्यांदा केलेले क्लिक सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून मोजणीसाठी '३०२' अधिक भरवशाचे ठरते.

तिसरा टप्पा मूळ संकेतस्थळाचा. गुगल अॅनालिटिक्ससारख्या साधनाचा छोटा प्रोग्राम त्या पानात बसवलेला असतो. पान उघडून तो प्रोग्राम चालला, तरच भेटीची नोंद होते. भेटीचे मूळ कळावे म्हणून पत्त्याच्या शेवटी खुणा जोडल्या जातात:

```
https://example.com/faral?utm_source=instagram&utm_medium=bio&utm_campaign=diwali
```

'यूटीएम' या अक्षरांतील पहिले अक्षर 'अर्चिन' या कंपनीच्या नावावरून आले आहे. गुगलने २००५ मध्ये ही कंपनी विकत घेतली आणि तिच्या साधनातून गुगल अॅनालिटिक्स उभे राहिले. या खुणा लिहिताना इंग्रजी लहान-मोठ्या लिपीचा भेद पाळावा लागतो. एका दुव्यात `instagram` आणि दुसऱ्यात `Instagram` लिहिल्यास अहवालात ते दोन वेगळे स्रोत ठरतात.

६४० की ४१०?

हे टप्पे एका काल्पनिक उदाहरणातून पाहता येतील. समजा, इंदूरमधील एका गृहउद्योजिकेने दिवाळीच्या फराळाच्या प्रसिद्धीसाठी एका आशयनिर्मात्याशी प्रतिक्लिक १० रुपयांचा करार केला. निर्मात्याने आपल्या बायोमध्ये लघुदुवा दिला. आठवडाभराने लघुदुव्याच्या सेवेत ६४० क्लिक दिसले. उद्योजिकेच्या संकेतस्थळावर त्या दुव्यावरून आलेल्या भेटी मात्र ४१० निघाल्या. निर्माता ६,४०० रुपये मागतो आणि उद्योजिका ४,१०० रुपये देऊ करते. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही.

लघुदुव्याच्या नोंदी तपासल्यावर ७० क्लिक माणसांचे नव्हते, असे आढळले. कोणी तो दुवा व्हॉट्सअॅपवर पाठवला, की संदेशात शीर्षक आणि छायाचित्र दाखवण्यासाठी अॅप ते पान आधीच मागवते. काही सुरक्षा यंत्रणाही दुवे आपोआप उघडून तपासतात. अशा नोंदींत बहुधा ब्राउझरच्या ओळखीच्या जागी अॅपचे किंवा यंत्रणेचे नाव असते, तसेच अनेक विनंत्या एकाच सेकंदात आलेल्या दिसतात.

आणखी ६० क्लिक त्याच प्रेक्षकांनी पुन्हा केलेले होते. पान उघडायला वेळ लागला, की माणूस मागे येतो आणि पुन्हा बोट ठेवतो. लघुदुव्याची सेवा त्याचे दोन क्लिक मोजते. गुगल अॅनालिटिक्समध्ये मात्र एकाच ब्राउझरमधील हालचालींत ३० मिनिटांहून अधिक खंड पडला नसेल, तर प्रचलित मांडणीनुसार ती एकच भेट धरली जाते.

उरलेल्या ५१० क्लिकांपैकी १०० जणांची भेट नोंदली गेली नाही. काहींनी पान पूर्ण उघडण्याआधीच ते बंद केले, तर काहींच्या ब्राउझरने मोजणीचा प्रोग्राम अडवला. अशा प्रकारे ६४० मधून ७०, ६० आणि १०० वजा होऊन ४१० उरतात.

माणसे मोजणे अधिक कठीण

क्लिकांपेक्षा 'वेगवेगळी माणसे किती' हा प्रश्न अवघड आहे. इन्स्टाग्राममधील दुवा बहुधा अॅपच्या अंतर्गत ब्राउझरमध्ये उघडतो. त्यातील कुकी, म्हणजे ब्राउझरने जपून ठेवलेली ओळखखूण, फोनवरील क्रोमला उपलब्ध नसते. तीच व्यक्ती रात्री क्रोममधून त्या पानावर आली, तर ती दुसरी व्यक्ती मानली जाते. उलटपक्षी केवळ आयपी पत्त्यावरून मोजल्यास आकडा कमी येऊ शकतो, कारण मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यात अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात. म्हणून 'युनिक क्लिक' हा अंदाज असतो. ती माणसांची गणती नव्हे.

व्यवहारापूर्वीची चाचणी

मोहीम सुरू होण्याआधी ही तफावत तपासता येते. दोन फोनवरून ठरावीक वेळी प्रत्येकी पाच वेळा दुवा उघडावा आणि दोन्ही ठिकाणचे आकडे पाहावेत. लघुदुव्याच्या सेवेत दहा क्लिक आणि संकेतस्थळावर दोन भेटी दिसल्या, तर मोजणी अपेक्षेप्रमाणे सुरू आहे. संकेतस्थळावर काहीच दिसले नाही, तर पानातील प्रोग्राम किंवा पत्त्याच्या खुणा तपासाव्या लागतात. प्रत्येक निर्मात्यासाठी स्वतंत्र लघुदुवा आणि स्वतंत्र खूण ठेवल्यास कोणामुळे किती ग्राहक आले, हेही वेगळे करता येते.

इंदूरच्या उदाहरणातील वाद मात्र अशा चाचणीनेही मिटत नाही. क्लिक म्हणजे कोणत्या सेवेच्या अहवालातील आकडा, यंत्रांच्या आणि पुनरावृत्तीच्या नोंदी वगळायच्या का, या दोन गोष्टी करारात आधीच लिहिल्या असत्या, तर ६,४००, ५,१०० की ४,१०० रुपये द्यायचे, हा प्रश्न उद्भवला नसता.