भरून झालेलं रिटर्न आणि दोनदा चढलेलं बिल

हिशेबाच्या खात्यात काम ‘झालं’ म्हणायची एक ठरलेली जागा असते. जीएसटीचं मासिक रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-३बी, पोर्टलवर भरलं, पोचपावतीची पीडीएफ फोल्डरमध्ये टाकली आणि यादीत त्या महिन्यापुढे बरोबरची खूण केली, की तो महिना मिटला. खरंच मिटतो, कारण भरलेलं ३बी पुन्हा उघडून दुरुस्त करता येत नाही. म्हणून त्या खुणेनंतर आपलीच चूक हाती लागली की पोटात खड्डा पडतो. अशा वेळी साहेबांसमोर नेमकं काय बोलायचं आणि चूक कुठे, कशी दुरुस्त करायची, हे एका कल्पित पण रोजच्या व्यवहारातल्या नमुन्यावरून पाहू.

भोसरीच्या एमआयडीसीत सुटे भाग बनवणारी एक लहान प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे असं समजा. खरेदीची बिलं चढवणं आणि ३बी भरणं हे अकाउंटंट मुलीचं काम, आणि तिच्यावर अकाउंट्स मॅनेजर. ऑगस्टचं ३बी तिने १८ सप्टेंबरला, मुदतीच्या दोन दिवस आधी भरलं. ९ ऑक्टोबरला दुपारी स्टीलच्या एका पुरवठादाराने खातेउतारा पाठवला. त्यात येणं बाकी आपल्या वहीपेक्षा ४ लाख ७२ हजारांनी कमी होतं. देणेकऱ्याच्या वहीत देणं जास्त आणि घेणेकऱ्याच्या वहीत येणं कमी, ही उलटी तऱ्हा. असं दिसलं की पहिला संशय दोनदा चढलेल्या बिलावर घ्यावा.

बिल होतं ४ लाखांचं, त्यावर १८ टक्के कर ७२ हजार. ईमेलवर स्कॅन आलं तेव्हा तिने क्रमांक नुसता 457 असा टाकला. आठवड्याने टेम्पोवाल्याबरोबर मूळ प्रत आली, तेव्हा छापल्याप्रमाणे PE/0457 टाकला. एकाच पुरवठादाराचा तोच क्रमांक पुन्हा आला तर सॉफ्टवेअर हटकतं, पण त्याच्या लेखी हे दोन वेगळे क्रमांक होते. खात्री करायला तिला दहा मिनिटं पुरली. गेटवरच्या आवक नोंदीत माल एकदाच उतरलेला, आणि जीएसटी पोर्टलच्या २बी या विवरणात पुरवठादाराने दाखवलेलं बिलही एकच.

मग रिटर्न भरताना ते २बीशी ताडून पाहिलं नव्हतं का? पाहिलं होतं, आणि गोष्टीतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच आहे. २बीत ऑगस्टचं एकूण क्रेडिट ६ लाख १८ हजार दिसत होतं. त्यात ८० हजार अशा मालाचे होते जो अजून वाटेवर होता. माल हातात पडल्याशिवाय त्यावरच्या कराचं क्रेडिट घेता येत नाही, तेव्हा हक्काचं क्रेडिट ५ लाख ३८ हजार. वहीत मात्र दुबार बिलाचे ७२ हजार मिळून ६ लाख १० हजार झाले होते. तिने बेरजेशी बेरीज लावली. आपला आकडा २बीपेक्षा ८ हजारांनी कमीच आहे, थोडा माल वाटेवर असेल, असं म्हणून ती पुढे गेली. दोन उलट दिशांचे फरक एकमेकांच्या आड लपले. पोर्टलनेही हटकलं नाही, कारण ते २बीपेक्षा जास्त क्रेडिट घेणाऱ्याकडे बोट दाखवतं आणि इथे क्रेडिट कमीच घेतलं होतं. बिलागणिक ताळा केला असता तर दुसरी नोंद जोडीदाराविना उघडी पडली असती.

आता मोह होतो तो गुपचूप दुरुस्तीचा. दुबार नोंद काढून टाकायची आणि पुढच्या रिटर्नमध्ये ७२ हजार कमी घ्यायचे, कोणाला काय कळतंय? पहिली अडचण अशी की ऑगस्टची नोंद पुसली की ऑगस्टची वही आणि ऑगस्टचं भरलेलं रिटर्न एकमेकांशी जुळेनासे होतात. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणं सक्तीचं आहे: कोणती नोंद, कधी बदलली, आधी काय होती. ही सोय चालू होती का आणि तिच्याशी छेडछाड झाली का, यावर लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात लिहावं लागतं. म्हणजे पुसल्याचीही नोंद राहते. मार्चनंतर लेखापरीक्षकाने ‘ऑक्टोबरमध्ये ऑगस्टचं बिल का उडवलं?’ असं विचारलं, तर साध्या टंकचुकीचं रूपांतर लपवाछपवीत झालेलं असतं.

सांगायचं ठरलं, तरी सुरुवात कुठून करायची? बहुतेक जण माफीपासून करतात किंवा ‘सर, थोडा डिफरन्स येतोय’ अशा धुक्यातून करतात. माझ्या मते पहिलं वाक्य जे अजून थांबवता येईल त्याचं असावं. इथे दुसऱ्या दिवशीच्या पेमेंटच्या यादीत तेच दुबार ४ लाख ७२ हजार बसलेले होते. तेव्हा बोलणं असं व्हायला हवं: “सर, उद्याच्या यादीतलं स्टीलवाल्यांचं ४ लाख ७२ हजारांचं पेमेंट थांबवा. ते बिल माझ्याकडून दोनदा चढलंय. ऑगस्टच्या ३बीत त्याचं ७२ हजारांचं क्रेडिट जास्त गेलंय. सप्टेंबरचं रिटर्न २० तारखेपर्यंत आहे, त्यात उलटवता येईल. अशी अजून बिलं आहेत का ते मी अजून तपासलेलं नाही.”

साहेब हेच विचारणार असतात: किती, ऑफिसबाहेर काय गेलं, आणि हातात किती दिवस आहेत. शेवटचं वाक्य मात्र सोडू नये. ‘एवढंच आहे’ असं घाईत सांगून आठवड्याने दुसरं बिल घेऊन जाणं पहिल्या कबुलीपेक्षा कठीण जातं. त्याचबरोबर सगळं तपासून मगच जाऊ म्हणून थांबणंही धोक्याचं, तोवर पेमेंट निघून जाईल. क्रमांक वेगळे कसे पडले हे कारण एका वाक्यात सांगावं, तेही मागितल्यावर.

यात एक अवघड गाठ आहे. तो ताळा साहेबांनीही पाहून सही केलेली असते. म्हणजे तिची कबुली त्यांचीही चूक उघडी पाडते, आणि पहिली प्रतिक्रिया तापट आली तर तिच्यामागे पुष्कळदा हेच असतं. ‘तुम्हीही पाहिलं होतं ना सर’ हे त्या क्षणी बोलून काही साधत नाही. तिने आपली नोंद आणि आपला ताळा एवढंच सांगावं. सही करताना काय पाहायचं हा विचार त्यांनी नंतर करावा, आणि तो केलाच पाहिजे. बोलणं झाल्यावर तेच चार ओळींत ईमेलने पाठवावं, कारण लेखापरीक्षकापुढे तोंडी कबुली ठेवता येत नाही.

दुरुस्ती वहीत आणि पोर्टलवर, दोन्हीकडे लागते. वहीत जुनी नोंद तशीच ठेवून आजच्या तारखेची उलट जर्नल नोंद करायची: पुरवठादाराच्या नावे ४ लाख ७२ हजार, खरेदी खाते जमा ४ लाख, केंद्राचा आणि राज्याचा कर प्रत्येकी ३६ हजार जमा. खाली खुलाशात मूळ दोन्ही नोंदींचे क्रमांक आणि कारण लिहायचं. पुरवठादाराला डेबिट नोट पाठवायची नाही, त्याचं बिल बरोबरच होतं. स्टीलचा साठाही वजनाने कमी करायचा, कारण तोही वहीत दोनदा चढलेला असतो. कॅश क्रेडिटसाठी बँकेला जे साठ्याचं विवरण गेलं, त्यातही साठा आणि देणी दोन्ही फुगलेली होती. पुढच्या विवरणात आकडा सुधारून सोबत बँकेला तसं एक पत्र द्यावं.

पोर्टलवर हे ७२ हजार सप्टेंबरच्या ३बीत तक्ता ४(ब)(२) मध्ये उलटवायचे. मागच्या महिन्यात अनवधानाने घेतलेलं क्रेडिट याच रकान्यात दाखवावं, असं जुलै २०२२च्या परिपत्रकात सांगितलं आहे. नुसतं ‘या वेळी ७२ हजार कमी घेतले’ असं करू नये, त्यातून कशाचं काय केलं हे कोणालाच वाचता येत नाही.

मग व्याज. ते वार्षिक १८ टक्के आहे, पण चुकीचं क्रेडिट घेतलं एवढ्याने लागत नाही, ते वापरलं गेलं तरच लागतं. क्रेडिटच्या खात्यात सतत ७२ हजारांहून जास्त शिल्लक पडून राहिली असती, तर व्याज शून्य. या कंपनीचा ऑगस्टचा कर ७ लाख होता. सगळं क्रेडिट त्यात संपलं आणि उरलेले ९० हजार रोखीने भरले, म्हणजे चुकीचे ७२ हजारही रिटर्न भरलं त्याच दिवशी वापरले गेले. सप्टेंबरचं रिटर्न १४ ऑक्टोबरला भरलं, तर १८ सप्टेंबरपासून २६ दिवस होतात. ७२ हजारांवर त्याचं व्याज साधारण ९२३ रुपये, आणि ते रोखीनेच भरावं लागतं. हीच चूक वर्षभर दडून राहिली असती तर १२,९६० रुपये झाले असते. रकमेपेक्षा मोठा फरक दंडाचा आहे. फसवणुकीचा हेतू नसताना नोटीस येण्याआधी कर आणि व्याज आपणहून भरलं, तर दंड लागत नाही. नोटिशीनंतर हिशेब बदलतो, आणि हेतू नव्हता हे दाखवायची वेळ कंपनीवर येऊ शकते. अशा वेळी उलट जर्नलचा खुलासा आणि तो चार ओळींचा ईमेल कामी येतात.

राहिलं ‘अजून तपासलेलं नाही’. चुकीचं कारण कळलं की त्याच कारणाची भावंडं शोधायची. इथे कारण बिल क्रमांक टाकायची पद्धत, तेव्हा क्रमांकावरून शोधून काहीच सापडणार नाही. एप्रिलपासूनची सगळी खरेदी एक्सेलमध्ये घेऊन पुरवठादार आणि रक्कम यांवर लावली, की जोड्या आपोआप शेजारी येतात. त्यातल्या बऱ्याच खऱ्या असतात, दर महिन्याला तेवढंच भाडं किंवा तेवढाच माल. प्रत्येक जोडीला आवक नोंद दोन आहेत का, एवढं पाहायचं.

आपल्या नमुन्यात जूनमध्ये कटिंग ऑइलचं ६,२०० रुपयांचं बिल असंच निघालं. कर १,११६. रिटर्न १९ जुलैला भरलेलं, क्रेडिट तेव्हाच वापरलेलं, म्हणजे ८७ दिवसांचं व्याज साधारण ४८ रुपये. ती रक्कम सप्टेंबरच्याच रिटर्नमध्ये त्याच रकान्यात गेली. पण या बिलाचे ७,३१६ रुपये जुलैत दोनदा दिले गेले होते, आणि ऑइलवाल्याने दुसरी रक्कम आपल्या वहीत आगाऊ जमा म्हणून धरली होती. त्याला फोन केल्यावर पुढच्या बिलातून वळती करतो म्हणाला. तोवर त्याच्या खात्यावर साहेबांच्या सहीशिवाय पेमेंट निघणार नाही, असा शेरा पडला.