बंद खोलीतली ऊब

जानेवारी २०२० मध्ये केरळमधून नेपाळला गेलेले आठ पर्यटक दामन या थंड हवेच्या ठिकाणी रिसॉर्टच्या एकाच खोलीत झोपले होते. त्यांत चार मुलं होती. कडाक्याच्या थंडीमुळे गॅसचा हीटर सुरू होता आणि दार-खिडक्या आतून बंद होत्या. सकाळी आठही जण बेशुद्ध आढळले. हेलिकॉप्टरने काठमांडूला नेलं, पण कुणीही वाचलं नाही.

खोली बंद असली की हीटरची ज्योत तिथलाच ऑक्सिजन वापरते. तो कमी पडू लागला की इंधन अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत ठेवली जाणारी कोळशाची शेगडी याहून फसवी, कारण धूर थांबून निखारे लाल झाले, तरी हा वायू निघतच राहतो.

डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही सुरुवातीची लक्षणं. माणसाला वाटतं, पित्त झालं. पण घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी हा त्रास झाला आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर संशय घ्या. झोपलेल्याला मात्र हा इशारा कळतच नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही विसंबू नका. या विषबाधेत तो ९८ टक्के दाखवू शकतो. सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत आणा, १०८ला फोन करा आणि डॉक्टरांना शेगडी किंवा हीटर सुरू होता हे आवर्जून सांगा. त्यावरून रक्ताची नेमकी तपासणी होते आणि लगेच ऑक्सिजन सुरू करता येतो.

शेगडी झोपायच्या खोलीत नकोच. खिडकीची फट ठेवली म्हणून ती सुरक्षित होत नाही. गॅस हीटर वापरायचाच, तर जागेपणी, समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवून वापरा. झोपण्यापूर्वी तो बंद करा.

डिटेक्टर घेताना तो कार्बन मोनॉक्साइडचाच आहे ना, हे पाहा. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून त्याच्या गळतीचा डिटेक्टर जमिनीलगत लावतात. कार्बन मोनॉक्साइड मात्र जवळपास हवेइतक्याच वजनाचा असतो आणि खोलीभर पसरतो. त्यामुळे हा डिटेक्टर झोपणाऱ्याच्या नाकाच्या उंचीवर, हीटरपासून एक ते तीन मीटर अंतरावर लावा. पडद्यामागे, कपाटात किंवा खिडकी-पंख्याजवळ लावला, तर त्याला खरी पातळी कळत नाही. महिन्यातून एकदा चाचणीचं बटण दाबा आणि मुदत संपली की तो बदला.

वायूचं प्रमाण कमी असेल, तर हा भोंगा वाजायला तासभरही लागू शकतो. म्हणून डिटेक्टर असला, तरी खिडकी उघडी हवीच.