०.०३ ची पट्टी आणि सरफेस प्लेट

जॉबच्या ड्रॉइंगवर एका चौकटीत तिरपा चौकोन आणि त्यापुढे ०.०१ लिहिलेलं असतं. दुसऱ्या चौकटीत दोन तिरप्या समांतर रेघा, ०.०३ आणि शेवटी A हे अक्षर. पहिली चौकट समतलतेची, दुसरी समांतरतेची. नवखा माणूस दोन्ही आकडे ‘प्लस-मायनस’ म्हणून वाचतो आणि तिथेच सवलत दुप्पट होते. हे आकडे अधिक-उणे नाहीत, ती एका पट्टीची पूर्ण रुंदी आहे. एकमेकांना समांतर अशा दोन काचा ०.०१ मिलिमीटर अंतरावर धरल्या आहेत असं समजा. पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू त्या दोघींच्या मधे मावला पाहिजे, एवढीच समतलतेची अट.

फरक आहे तो या काचा कशा धरायच्या यात. समतलतेच्या चौकटीत कोणतंही अक्षर नसतं. म्हणजे काचा हव्या तशा तिरक्या करायची मुभा आहे, पृष्ठभाग कलला असेल तर त्याही तशाच कलतील. समांतरतेत ही मुभा जाते. तिथे दोन्ही काचा A या डेटमला, म्हणजे संदर्भाच्या पृष्ठभागाला, समांतरच राहतात. त्यामुळे वरच्या पृष्ठभागाचा कल आणि त्याचा खडबडीतपणा किंवा बाक, दोन्ही मिळून ०.०३ मधे बसावे लागतात.

आता एक पोलादी ठोकळा घेऊ. लांबी १००, रुंदी ६०, जाडी २० मिलिमीटर. खालची बाजू A. वरच्या बाजूला वरच्या दोन्ही अटी. सरफेस प्लेट पुसून घ्यायची, ठोकळ्याच्या कडांवरचा बर दगडाने काढायचा आणि A बाजू प्लेटवर टेकवायची. स्टँडला लिव्हर डायल लावून तिचं टोक वरच्या पृष्ठभागावरून सगळीकडे फिरवायचं. इतक्या बारीक पट्टीसाठी एका घराला ०.०१ दाखवणारी डायल पुरत नाही, ०.००२ ची घ्यावी. टोक पृष्ठभागाशी शक्य तितकं आडवं ठेवायचं. ते ३० अंशांनी उभं राहिलं तर खरा फरक डायलच्या आकड्याच्या ०.८७ पटच असतो, म्हणजे चांगला जॉबही उगाच वाईट दिसतो.

समजा डाव्या कडेला काटा शून्यावर आहे आणि उजवीकडे जाता जाता सावकाश +०.०२२ पर्यंत चढतो. सर्वांत मोठं वाचन वजा सर्वांत छोटं, म्हणजे ०.०२२. हे ०.०३ पेक्षा कमी, समांतरता पास. पण समतलतेची मर्यादा ०.०१ आहे म्हणून पुष्कळदा जॉब इथेच बाजूला काढला जातो. हा जॉबवर अन्याय आहे, कारण त्या ०.०२२ मधे कलही आला आणि कलाचा समतलतेशी संबंध नाही.

तो कल काढून टाकायला ठोकळा तीन छोट्या स्क्रू जॅकवर ठेवतात. वरच्या पृष्ठभागावर एकमेकांपासून लांबचे तीन बिंदू निवडायचे आणि तिन्ही ठिकाणी डायल शून्य दाखवेपर्यंत जॅक खालीवर करायचे. एक जॅक हलवला की बाकीच्या दोन बिंदूंची वाचनंही थोडी सरकतात, म्हणून दोनतीन फेऱ्या माराव्या लागतात. मग पुन्हा डायल फिरवली तर सर्वांत खाली –०.००३ आणि सर्वांत वर +०.००५ मिळालं. पट्टी ०.००८, समतलता पास.

इथे ०.०१३ आलं असतं तरी लगेच नापास म्हणायचं नाही. तीन बिंदूंतून जाणारी पातळी ही सर्वांत अरुंद पट्टी देणारी असेलच असं नाही. दुसरे बिंदू धरून किंवा जॅक किंचित सरकवून हा आकडा कमी होतो का ते पाहायचं. कोणत्याही एका मांडणीत ०.०१ च्या आत आला, की जॉब चांगला.

मायक्रोमीटरने चार कोपरे मोजून समांतरता ‘ओके’ करण्याची सवय मात्र मला धोक्याची वाटते. मायक्रोमीटर त्या त्या जागेची जाडी सांगतो. धनुष्यासारखा ०.०५ ने वर बाकलेला, पण सगळीकडे सारख्या जाडीचा ठोकळा त्याला सरळच भासेल. तोच ठोकळा प्लेटवर ठेवला की दोन टोकांवर टेकतो आणि मधोमध डायल ०.०५ चढते. हा जॉब नापास.

बाक उलटा असेल, म्हणजे A बाजू मधे फुगलेली असेल, तर ठोकळा प्लेटवर डुगडुगतो. बोटाने एक कोपरा दाबला की कळतं. डावीकडे दाबून घेतलेलं वाचन आणि उजवीकडे दाबून घेतलेलं वाचन वेगळं येतं, मग कोणता आकडा खरा धरायचा? अशा वेळी फीलर गेजने कडेखालची फट बघून पातळ पट्ट्या सरकवायच्या, ठोकळा दोन्हीकडे सारखा कलेल असा स्थिर करायचा आणि मगच डायल फिरवायची. A बाजूची समतलता आधी तपासलेली असेल, तर हा खटाटोप बहुधा करावाच लागत नाही.