तेच औषध, वेगळे नाव

हिमायतनगरात सकाळचे साडेअकरा वाजले होते. न्यू जर्सीत रात्रीचे दोन. अडीच वर्षांचा मुलगा तापाने फणफणला होता, थर्मामीटर एकशे दोनच्या वर गेला होता. भारतातून नेलेले औषध संपले होते. घरात होती ती परवाच तिथल्या दुकानातून आणलेली बाटली. तिच्यावर पॅरासिटामॉल हा शब्द कुठेच नव्हता.

“आई, यावर असिटॅमिनोफेन लिहिलंय. हे काय असतं गं?”

“मला काय ठाऊक? आपण लेकराला तीन मिली देत होतो, तेवढंच दे.”

काळजीपोटी दिलेला हा सल्ला अपुरा होता. नावाचा उलगडा सोपा आहे. एकाच लांबलचक रासायनिक नावातील निरनिराळी अक्षरे उचलून भारत व युरोपात पॅरासिटामॉल, तर अमेरिकेत असिटॅमिनोफेन हे नाव रूढ झाले. औषध तेच. खरी मेख आहे ती त्याच्या तीव्रतेत. आजीने कपाटातले जुने खोके काढून वाचले: पाच मिलीत २५० मिलिग्रॅम. मुलीच्या बाटलीवर, सक्रिय घटकांच्या चौकटीत, पाच मिलीत १६० मिलिग्रॅम.

मग तिने कागदावर हिशेब मांडला. मुलाचे वजन बारा किलो. या औषधाची एका वेळची मात्रा किलोमागे दहा ते पंधरा मिलिग्रॅम, म्हणजे १२० ते १८०. घरच्या औषधाच्या तीन मिलीत १५० मिलिग्रॅम येत. इथल्या तीन मिलीत जेमतेम ९६. तेवढ्याने ताप उतरला नसता, आणि घाबरून तिने लगेच दुसरा डोस दिला असता. बाटलीवरील तक्ता पौंडांत होता. बारा किलो म्हणजे सुमारे साडेसव्वीस पौंड. त्या रकान्यासमोर पाच मिली लिहिले होते. दोन्ही वाटांनी उत्तर जुळले. खोक्यातल्या पिचकारीनेच तिने औषध दिले, कारण स्वयंपाकघरातले चमचे एका मापाचे नसतात. वेळही लिहून ठेवली. पुढचा डोस किमान चार तासांनी.

“सर्दीचंही औषध आहे, ते देऊ?” तिने विचारले. आजी या वेळी म्हणाली, “आधी वाच.” त्यातही असिटॅमिनोफेन होते! दोन्ही दिली असती तर मात्रा दुप्पट झाली असती. या औषधाचा अतिरेक यकृताला इजा करतो, आणि पहिल्या दिवशी बहुधा कोणतेच लक्षण दिसत नाही. शिवाय चार वर्षांखालील मुलांना ते देऊ नये, असे त्याच खोक्यावर छापलेले होते.

मात्र बाळ तीन महिन्यांहून लहान असेल, मूल सुस्त पडले असेल, त्याला धाप लागत असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर असा हिशेब मांडत बसू नये. रात्रीच डॉक्टरांना गाठावे. चुकून जास्त औषध गेल्यास अमेरिकेत १-८००-२२२-१२२२ हा विषबाधा केंद्राचा विनामूल्य क्रमांक अहोरात्र चालू असतो.

हाच हिशेब उलट दिशेनेही चुकतो. सुट्टीत नातू गावी येतो, “तिकडे पाच मिली देतो” असे सून सांगते, आणि आजी इथल्या बाटलीतून पाच मिली मोजते. ते होतात २५० मिलिग्रॅम, बारा किलोच्या मुलाला किलोमागे वीसहून अधिक.