परिच्छेद आठ, पण कोणाचा?

प्रशासकीय कायद्यावरचा एक शोधनिबंध छपाईपूर्वी तपासायला माझ्याकडे आला होता. अधिकाऱ्याचा आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच टिकला पाहिजे, नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे जोडता येत नाहीत, हा त्यातला मुख्य मुद्दा. आदेश म्हणजे काही जुनी दारू नव्हे की मुरेल तशी चांगली होईल, हे प्रसिद्ध वाक्य आधाराला घेतले होते आणि तळटीपेत होते ‘गोरधनदास भानजी, परिच्छेद ८’. नियम बरोबर होता, संदर्भ चुकीचा.

गोरधनदास भानजी हा मुंबईचा खटला. अंधेरीत चित्रपटगृह बांधायला पोलीस आयुक्तांनी १९४७ साली परवानगी दिली आणि पुढे सरकारच्या सांगण्यावरून ती रद्द केल्याचे कळवले. आयुक्तांनी स्वतः विचार करून निर्णय घेतला होता की फक्त सरकारचा निर्णय पोहोचवला होता, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी आदेशाचे शब्द जसे आहेत तसेच वाचले. अधिकारी मागाहून काय खुलासा करतो, त्यावरून सार्वजनिक आदेशाचा अर्थ लावायचा नाही, असे ते म्हणाले. हा मजकूर एआयआर १९५२ एससी १६ मध्ये नवव्या परिच्छेदात आहे. दारूचे वाक्य तिथे नाही.

ते आहे मोहिंदरसिंग गिल खटल्यात, (१९७८) १ एससीसी ४०५, परिच्छेद ८. १९७७च्या लोकसभा निवडणुकीत फिरोजपूरचे मतदान निवडणूक आयोगाने रद्द केले, त्यातून हा खटला उभा राहिला. आठव्या परिच्छेदात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आधी स्वतःच्या शब्दांत नियम सांगतात, मग बोस यांचे लांबलचक अवतरण देतात आणि अवतरण संपल्यावर दारूचे वाक्य लिहितात. एकाच परिच्छेदात दोन न्यायमूर्तींचे शब्द आहेत. अवतरण कुठे संपते हे न पाहता उतरवून घेणाऱ्याला सगळे बोस यांचेच वाटते, आणि १९७७ मधले वाक्य १९५१च्या निकालाला चिकटते. नुसता क्रमांक इथे पुरत नाही. तळटीपेत ‘न्या. कृष्ण अय्यर’ हवे, आणि बोस यांचे शब्द घेतले असतील तर ‘गोरधनदास भानजीमधून उद्धृत’ असेही हवे. गिल खटल्यात न्यायमूर्ती गोस्वामी यांचे वेगळे निकालपत्रही आहे, म्हणून नाव लिहिण्याला दुप्पट महत्त्व.

परिच्छेद क्रमांक निकालाचा असतो, असे आपण धरून चालतो. जुन्या निकालांत तो बहुधा छापणाऱ्याचा असतो. गिल खटला सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्समध्ये, म्हणजे एससीआरमध्ये, काढला तर तिथे पान आणि समासातले ए ते एच हे अक्षर यांवरूनच जागा दाखवावी लागते. २०२३पासून सर्वोच्च न्यायालयाने निकालांना न्यूट्रल सायटेशन दिले, जुन्यांनाही दिले. पण त्यामुळे जुन्या छापील पानावर परिच्छेद क्रमांक उगवत नाहीत. नव्या निकालांत अडचण उलटी आहे. न्यायालयाच्या प्रतीत प्रत्येक न्यायमूर्तीचे निकालपत्र पुन्हा एकपासून सुरू होऊ शकते, तर एससीसी सलग क्रमांक घालते. म्हणून ज्या प्रतीतून क्रमांक घेतला, तिचाच संदर्भ द्यायचा. एससीसीचे सायटेशन आणि संकेतस्थळावरच्या पीडीएफचा परिच्छेद, अशी सरमिसळ झाली की वाचक भलत्याच जागी पोहोचतो.

याच निबंधात मुंबई उच्च न्यायालयाचा एक असा आदेश होता, जो कुठल्याच लॉ रिपोर्टमध्ये छापलेला नाही. तळटीपेत फक्त रिट याचिकेचा क्रमांक आणि वर्ष. ते वर्ष याचिका दाखल झाल्याचे असते, निकालाचे नव्हे. शिवाय मुंबईची अपील शाखा, मूळ शाखा, नागपूर, औरंगाबाद, गोवा यांचे क्रमांक वेगवेगळे चालतात, त्यामुळे तोच क्रमांक दुसरीकडेही सापडतो. न्यूट्रल सायटेशनमधले BHC-AS, BHC-OS, BHC-NAG हे तुकडे नेमका हाच फरक सांगतात, आणि शेवटी DB असेल तर आदेश खंडपीठाचा.

क्रमांक टाकून शोधले, तर त्या याचिकेत दोन आदेश निघाले: एक अंतरिम, एक अंतिम. निबंधातले वाक्य अंतरिम आदेशातले होते आणि त्याच्या आधी ‘प्रथमदर्शनी’ हा शब्द होता, तो निबंधात गळला होता. अंतिम आदेशात याचिका निकाली निघाली होती, पण कारणांच्या प्रश्नावर न्यायालयाने काही ठरवलेच नव्हते. तळटीपेत आदेशाची तारीख नसल्यामुळे हे वाचकाला कधीच कळले नसते.

आणखी एक गोष्ट मुंबईत विशेष पाहावी लागते. ‘स्पीकिंग टू द मिनिट्स’साठी प्रकरण पुन्हा बोर्डावर लागते आणि आदेशातली लेखनचूक दुरुस्त होते. दुरुस्त प्रत नंतर चढते. आपल्याकडे जुनी उतरवलेली असू शकते. त्यामुळे छापील नसलेल्या आदेशाच्या तळटीपेत मी न्यायालय व शाखा, पक्षकार, याचिका क्रमांक, आदेशाची तारीख, न्यायमूर्ती, न्यूट्रल सायटेशन, परिच्छेद आणि प्रत पाहिल्याची तारीख एवढे मागते. एससीसी ऑनलाइनचा क्रमांक सोबत द्यावा, पण एकटा देऊ नये, कारण वर्गणी नसलेल्या वाचकाला त्यावरून न्यायालयाची प्रत काढता येत नाही.

लेखिकेने तो आदेश मुख्य मजकुरातून काढला. तळटीपेत ‘अंतरिम आदेश, प्रथमदर्शनी मत, अंतिम आदेशात प्रश्न खुला’ असे लिहून ठेवला, आणि नियमाचा भार गिल खटल्याच्या आठव्या परिच्छेदावर टाकला.