पंधरावं जालक का नाही?

जर्मन स्फटिकशास्त्रज्ञ मोरित्झ फ्रांकेनहाइम यांनी 1842 साली एक मोजदाद मांडली. अवकाशात बिंदू नियमितपणे रचायचे तर मूलभूत रचना पंधरा प्रकारच्या होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. सहा वर्षांनी ऑग्युस्त ब्राव्हे या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे तीच मोजदाद पुन्हा केली आणि आकडा चौदा आला. फ्रांकेनहाइम यांच्या यादीतल्या दोन रचना मुळात एकच होत्या, त्या दोनदा मोजल्या गेल्या होत्या. आज या चौदा रचनांना ब्राव्हे जालकं म्हणतात. एकच जालक दोनदा मोजलं जातं कसं, हे कळलं की चौदाचा आकडाही कळतो.

जालक म्हणजे ठिपक्यांची रांगोळी सगळ्या दिशांना न संपणारी, आणि जमिनीवर न राहता उंचीतही वाढत गेलेली. अट एकच: कुठल्याही ठिपक्यावर उभं राहून पाहिलं तरी भोवतालचे ठिपके अगदी तसेच, त्याच दिशांना दिसले पाहिजेत. आता आठ ठिपके कोपऱ्यांवर धरून एक खोका आखा आणि तो शेजारी शेजारी, वर खाली रचत जा. सगळं जालक भरून निघतं. हा खोका म्हणजे एकक कोष्ठ. ठिपके निसर्गाचे, खोका मात्र आपण आखलेला; एकाच जालकावर असंख्य आकारांचे खोके बसतात. मोजदाद चुकते ती इथेच.

खोक्याचे आकार सममितीनुसार सात ठरतात. त्यांत पाच घड्यांची सममिती का नाही, याचं कारण छोटंसं आहे. जालकातले सर्वांत जवळचे दोन बिंदू घ्या, अ आणि ब. पाच घड्यांची सममिती असेल तर अ भोवती जालक 72 अंशांनी फिरवलं तरी ते तसंच दिसायला हवं, ब भोवतीही तसंच. अ भोवती ब ला आणि ब भोवती अ ला, दोघांना एकाच बाजूला 72 अंश वळवा. मिळालेल्या दोन नव्या जागांवरही बिंदू असलेच पाहिजेत, पण त्यांच्यातलं अंतर मूळ अंतराच्या फक्त 0.38 पट भरतं. सर्वांत जवळचे म्हणून घेतलेल्या बिंदूंहूनही जवळची जोडी निघाली, म्हणजे असं जालक अशक्य. याच हिशेबाने दोन, तीन, चार आणि सहा एवढ्याच घड्या उरतात.

सात खोके झाले. प्रत्येकात जादा बिंदू ठेवायच्या जागा चार तऱ्हेच्या: कुठेच नाही, खोक्याच्या पोटात मधोमध, वरच्या आणि खालच्या पृष्ठाच्या मध्यावर, किंवा सहाही पृष्ठांच्या मध्यावर. सात चोक अठ्ठावीस. मग निम्मे कुठे जातात?

एक शंका आधी मिटवू. समोरासमोरच्या पृष्ठांच्या दोनच जोड्यांवर बिंदू ठेवले तर? जालकात एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंतची उडी कुठल्याही बिंदूपासून मारली तरी बिंदूवरच उतरायला हवं. समोरच्या पृष्ठाच्या मध्यापासून बाजूच्या पृष्ठाच्या मध्यापर्यंतची उडी कोपऱ्यावरून मारली की आपण तळाच्या मध्यावर उतरतो. म्हणजे तिथेही बिंदू हवा, आणि आपोआप सहाही पृष्ठं भरतात.

आता एक खरा धातू घेऊ. इंडियमचा खोका चौरस तळाचा, उभट. त्याच्या सहाही पृष्ठांच्या मध्यावर अणू आहेत, असं त्याचं वर्णन करता येतं: तळाची बाजू 4.60 अँगस्ट्रॉम, उंची 4.95. मग पृष्ठकेंद्रित चौरसतळी जालक यादीत का नाही? वरून तळाकडे पाहा. शेजारच्या दोन तळांचे मध्यबिंदू आणि त्यांच्या सामाईक कडेचे दोन कोपरे जोडले की 45 अंशांत वळलेला लहान चौरस मिळतो, बाजू 4.60 भागिले 2 चं वर्गमूळ, म्हणजे 3.25. या तळावर तेवढ्याच उंचीचा खोका उभा केला की जुने कोपरे आणि तळांचे मध्य नव्या खोक्याचे कोपरे होतात, आणि बाजूच्या पृष्ठावरचा एक मध्यबिंदू बरोबर नव्या खोक्याच्या पोटात येतो. हे तर अंतःकेंद्रित चौरसतळी जालक. आकारमान निम्मं, चौरस तळ कायम, उभ्या अक्षाभोवतीची चार घड्यांची सममिती कायम. काहीच गमावलं नाही, म्हणून दोन्ही एकच धरायचे. फ्रांकेनहाइम यांची दुहेरी मोजणीही याच जातीची होती. त्यांच्या बाबतीत खोका एकनत होता, म्हणजे एकाच दिशेने कललेला. त्यात पोटातला बिंदू आणि एका पृष्ठजोडीवरचा बिंदू हा फरक कडा वेगळ्या निवडल्या की नाहीसा होतो.

हीच युक्ती तांब्यावर करून पाहा. तांब्याचा खोका 3.61 अँगस्ट्रॉमचा घन, सहाही पृष्ठांच्या मध्यावर अणू. इंडियमसारखा लहान तळ घेतला की 2.55, 2.55 आणि 3.61 मापांचा अंतःकेंद्रित खोका मिळतो. भूमितीत काही चूक नाही, पण हा खोका घन राहिला नाही. घनाच्या चारही कर्णांभोवती 120 अंशांचं वळण चालतं. तांब्याच्या स्फटिकात ते आहे, या उभट खोक्यात मात्र ते दिसत नाही. इथे लहान खोका घेतल्याने सममिती झाकली गेली. म्हणून घनातलं पृष्ठकेंद्रित जालक यादीत स्वतंत्र राहतं आणि चौरसतळी राहत नाही. मध्यावरचे बिंदू ही सोय नसून जालकाची पूर्ण सममिती खोक्यात दिसावी यासाठी मोजलेली किंमत आहे. ती किंमत अनाठायी असली की नाव कटतं.

अठ्ठावीसही जागा याच कसोटीवर घासायच्या. घनाच्या एकाच पृष्ठजोडीवर बिंदू ठेवले तर कर्णाभोवतीचं वळण मोडतं. तो घनच उरत नाही. तीन असमान कडांच्या काटकोनी खोक्यात मात्र चारही तऱ्हा टिकतात, कारण आयताचे कर्ण एकमेकांना काटकोनात छेदत नाहीत आणि 45 अंशांचा लहान काटकोनी तळ तिथे सापडतच नाही. त्या खोक्याचे चार, घनाचे तीन, चौरसतळी दोन, एकनत दोन आणि उरलेल्या तीन आकारांचा एकेक. चौदा.

तांब्याचा सर्वांत लहान खोका तर याहूनही लहान, एकाच अणूचा. तीनही कडा 2.55 अँगस्ट्रॉम आणि त्यांच्यातले तिन्ही कोन 60 अंश. घन त्याच्या कर्णाच्या दिशेने ताणला तर जसा दिसेल तसा हा तिरका खोका. क्ष-किरणांनी स्फटिक मोजताना सगळ्यात लहान खोका आधी शोधला, तर हेच आकडे समोर येतात आणि नवखा माणूस तांबं समभुजी गटात टाकून मोकळा होतो. समान कडांच्या अशा खोक्यात तीन कोन खास आहेत: 60 अंश आला तर पृष्ठकेंद्रित घन, 90 आला तर साधा घन, 109.47 आला तर अंतःकेंद्रित घन, लोखंडासारखा. बाकी कुठल्याही कोनाला जालक खरंच समभुजी. घन पाऱ्यात तो सुमारे 70.5 अंश असतो.

बिस्मथचा कोन 57.2 अंश, 60 च्या इतका जवळ की तो जवळपास घन वाटतो. अशा वेळी एकट्या कोनावर निकाल देता येत नाही. खऱ्या घनात चारही कर्णांच्या दिशांचे क्ष-किरण ठिपके सारख्याच कोनावर आणि सारख्याच तेजाचे येतात. बिस्मथमध्ये एका कर्णाचा ठिपका उरलेल्या तिघांपासून वेगळा पडतो, आणि त्याची जागा समभुजी जालकातच ठरते.